जिमची एक फेरी कितीला पडली?

गेल्या महिन्यात एक पेशंट तपासणी झाल्यावर खुर्चीतून उठलेच नाहीत. वय ४६, बँकेत नोकरी, साखर नुकतीच वाढायला लागलेली. त्यांनी मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, वर्षाचे अठरा हजार होतात, उद्यापर्यंत भरले तर दहा हजारात. घेऊन टाकू का?"

मला हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी अगदी याच आकड्याला मी भुललो होतो. महिन्याची फी १,५०० रुपये, एका दिवसाचे १५०, आणि एक जानेवारीच्या ऑफरमध्ये वर्षाचे १०,०००. आठ हजार वाचले म्हणून घरी पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

डिसेंबरात नूतनीकरणाचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर माझी हजेरी मागितली. तिथे अंगठा लावून आत जावं लागतं, त्यामुळे नोंद पक्की असते. जानेवारीत १६ दिवस, फेब्रुवारीत ११, मार्चमध्ये ६. एप्रिलमध्ये २, मे कोरा, जूनमध्ये ३, जुलैत १, आणि दिवाळीनंतर लाज वाटून १. एकूण ४०. म्हणजे एक फेरी २५० रुपयांना पडली. दारात रोख पैसे देऊन गेलो असतो तर १५० लागले असते!

पहिले तीन महिने महिन्याची फी भरली असती तर ४,५०० झाले असते. नंतरच्या सात फेऱ्यांचे रोजच्या दराने १,०५०. एकूण ५,५५०. ज्या सवलतीत मी आठ हजार वाचवले होते, तिच्यात प्रत्यक्षात ४,४५० रुपये जास्त गेले. अठरा हजार मी कधी भरणारच नव्हतो, मग ते वाचले कसे?

यात मी एकटा नाही, हे नंतर वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. देलाविन्या आणि माल्मेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या हजेरीच्या नोंदी तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे दरमहा ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद महिन्याला सरासरी चारेक वेळाच जात. त्यांना एक फेरी १७ डॉलरहून महाग पडत होती, आणि त्याच क्लबात दहा फेऱ्यांचं कार्ड घेतलं तर फेरीला १० डॉलर लागत. फी भरताना आपण उद्याच्या उत्साही माणसाचा हिशोब करतो, आणि जायची वेळ येते ती दमून घरी आलेल्या माणसावर.

म्हणून त्या पेशंटना मी कागदावर दोनच भागाकार करून दिले. दहा हजार भागिले दीड हजार, म्हणजे साधारण पावणेसात. सात महिने किंवा जास्त नियमित जाणार असाल तरच वार्षिक फी मासिकपेक्षा स्वस्त. दहा हजार भागिले दीडशे, म्हणजे वर्षात ६७ फेऱ्या. त्याच्या आत राहिलात तर रोजचे पैसे देणं परवडलं. मग विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत सकाळी चालायला किती दिवस गेलात?" मनातला संकल्प नको, झालेलं सांगा, म्हटलं. ते थोडे थांबून म्हणाले, "दहा-बारा असतील." वर्षाचे पन्नासही होत नाहीत.

आता डॉक्टर म्हणून एक सांगायलाच हवं. जूनमधल्या माझ्या तीन फेऱ्या पैसे वसूल करायच्या भरात झाल्या होत्या. दीड महिन्याच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी जुन्याच वजनाने बैठका मारल्या. पुढचे चार दिवस दवाखान्याचा जिना कठड्याला धरून उतरलो. असं दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी वाढतं आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातं. पण असह्य वेदना, स्नायूंना सूज किंवा खूप अशक्तपणा असेल, लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू मोडून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. खंड पडला असेल तर निम्म्या वजनाने, निम्म्या वेळेने सुरुवात करा. भरलेले दहा हजार तुम्ही आज जास्त वजन उचललंत म्हणून परत येत नाहीत. ते गेले. आजची फेरी फुकट आहे, एवढंच खरं.

त्या पेशंटनी एका महिन्याचे दीड हजार भरले. परवा आले तेव्हा हजेरी सांगितली, ११ दिवस. फेरी १३६ रुपयांना. "आणि डॉक्टर," ते म्हणाले, "उद्या संपणारी ऑफर अजून बोर्डावर तशीच आहे." दुसऱ्या महिन्याचेही त्यांनी दीड हजारच भरलेत.