शुभेच्छा घोडबंदरमार्गे

नरकचतुर्दशीच्या सकाळी डोंबिवलीत फडके रोडला जायचं असतं. का जायचं, असं विचारणारा माणूस डोंबिवलीचा नव्हे. अभ्यंगस्नान झालं, पायाखाली कारिट फुटलं, चकलीचा तुकडा तोंडात पडला की नवा कुडता नाहीतर साडी सावरत जो तो गणपतीच्या देवळाकडे निघतो. दर्शन होतंच, पण खरं काम रस्त्यावर असतं. ओळखीचे चेहरे शोधायचे असतात. मोबाइल नव्हते तेव्हा कॉलेजनंतर पांगलेली मंडळी वर्षातून एकदा इथे हमखास सापडायची. ठाण्यात हेच काम तलावपाळी आणि राम मारुती रोड करतात. आणि या गर्दीत जिवलग माणूस भेटला की कोणी ‘ही दिवाळी आपणास सुखसमृद्धीची जावो’ म्हणत नाही. ‘काय रे, आज अंघोळ केलीस वाटतं!’ म्हणतात. सुखसमृद्धी त्यात आलीच.

आमचा चौघांचा कंपू याच रस्त्यावर जमायचा. आता एक ठाण्याला, घोडबंदर रोडला. एक कल्याणला खडकपाड्याला. एक डोंबिवलीतच पण पश्चिमेला, म्हणजे आम्हा पूर्ववाल्यांच्या हिशेबी जवळजवळ परदेशात. सगळ्यांचं येणं दर वर्षी जमत नाही. म्हणून धनत्रयोदशीच्या सुमारास मी प्रत्येकाला दोन-तीन ओळींची शुभेच्छा लिहिते. तिच्यात चेष्टा असते, आणि ती लिहायला फराळापेक्षा जास्त वेळ लागतो. पणत्यांचं चित्र पुढे ढकलायला अंगठा पुरतो. चेष्टा करायची तर त्या माणसाकडे वर्षभर लक्ष दिलेलं असावं लागतं.

मराठी माणसाला थट्टेचं वावडं कधीच नव्हतं. शिमग्याला शेलापागोटे वाटायची रीत जुनी, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड पडायचे ते आमच्या पिढीनेही झेललेत. पण फिशपाँडच्या चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नसायचं. नाव झाकलं की हात सैल सुटतो. कोणाच्या रंगावर, कोणाच्या फसलेल्या प्रेमावर, कोणाच्या गावाकडच्या बोलीवर लिहिलं जायचं, सभागृह हसायचं, आणि ज्याच्यावर पडला तोही हसायचा, कारण न हसून सांगणार कोणाला? दिवाळीच्या शुभेच्छेखाली आपलं नाव असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या घरी करंजी खायला जायचं असतं. एवढ्यानेच लेखणी निम्मी शहाणी होते.

उरलेल्या निम्म्या शहाणपणासाठी मी एकच कसोटी लावते: हा विनोद तो माणूस स्वतःवर करतो का? करत असेल तर आपण त्यात भर घालायला मोकळे. करत नसेल तर तिथे काही दुखत असण्याची शक्यता आहे. आणि काय दुखतं ते आपल्याला ठाऊक असेलच असं नाही, जिवलग असलो तरी.

ठाणेकर मैत्रिणीचंच घ्या. ती लहानाची मोठी नौपाड्यात झाली, लग्नानंतरही काही वर्षं तिथेच होती. आता तिचं घर घोडबंदर रोडला, तेही पार गायमुखच्या बाजूला. पत्ता सांगताना मात्र ती ठामपणे ‘ठाणे’ म्हणते. चेष्टेला याहून सोपा विषय कोणता? माझ्या पहिल्या मसुद्यात होतं: ‘ठाण्याच्या सीमेवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणाऱ्या रणरागिणीस दिवाळीच्या शुभेच्छा.’ वाक्य जमलं होतं. कसोटी लावली आणि ते खोडलं. नौपाड्यातलं घर सुटलं ते काही हौसेने नव्हे. जुनी इमारत, भावाभावांतली वाटणी, नव्या घराचे हप्ते, असं बरंच काही त्या स्थलांतरात आहे, आणि या सगळ्यावर तिने कधी विनोद केलेला मला आठवत नाही. ट्रॅफिकवर मात्र ती अखंड करते. घोडबंदरच्या कोंडीत रिक्षात बसून आपण कादंबरी कशी संपवली, हे ती रंगवून सांगते. म्हणजे घर वर्ज्य, रस्ता खुला. मग अशी शुभेच्छा गेली:

‘तुझ्या दिवाळीच्या शुभेच्छा आज सकाळी ठाणे स्टेशनहून निघाल्या आहेत. घोडबंदर रोडने येत असल्यामुळे तुळशीच्या लग्नापर्यंत पोचतील. तोवर चिवडा संपवू नकोस, आम्हीही त्यांच्या मागेच आहोत.’

बाण एकच, पण तो तिच्यावरून सरकून रस्त्यावर गेला, आणि शेवटी आम्ही तिच्याकडे येतोय हे सांगून झालं. तिचं उत्तर आलं, ‘मानपाड्याला अडकल्या आहेत, आत्ताच फोन आला.’ पुढची ओळ समोरच्याने स्वतः जोडली की समजावं, नीट पोचलं. उलट, एरवी तासन्तास बडबडणाऱ्या मित्राकडून ‘धन्यवाद, तुलाही’ एवढंच आलं की लगेच फोन उचलावा. जिवलगाचं ‘धन्यवाद’ हे सहसा काहीतरी लागल्याचं लक्षण असतं.

कल्याणकराचं दुखणं म्हणजे इतिहास. ठाणेकरणीने १८५३ सालच्या पहिल्या आगगाडीचा विषय काढला, की हा कान्हेरीचे शिलालेख काढतो. त्यात कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. मग सातवाहनांच्या काळातलं बंदर येतं, मग दुर्गाडी येतो. मी नववर्ष स्वागतयात्रेचं नाव घेते, ती १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाली म्हणून सांगते, तर तो म्हणतो, ‘हो का? काल-परवाचीच की.’ त्याचं दुसरं दुखणं म्हणजे आम्ही. डोंबिवलीला चढायला मिळत नाही म्हणून आम्ही उलट्या गाडीने कल्याणला जातो आणि त्याच गाडीत बसून परत येतो. कल्याणच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी येते ती आधीच भरलेली, तीही आमच्यासारख्यांनी.

हा पठ्ठ्या अजून बिनलग्नाचा आहे, आणि त्यावर विनोद सुचत नाहीत असं नाही. पण ते त्याच्या सगळ्या मावश्यांनाही सुचतात. दर दिवाळीत, दर पाटावर, लाडवाबरोबर वाढले जातात. जो विनोद कोणीही करू शकतं तो मित्राने करायचा नसतो. त्यात थट्टा नसते, गर्दी असते. त्याला लिहिलं ते हे:

‘सातवाहनांच्या काळी तुमच्या बंदराला जहाजं लागत होती, मान्य. त्यातही एखादा डोंबिवलीकर आधीच्या बंदरातून खिडकी धरून आला असणार. या वर्षी तुला खिडकी मिळो, वारा मिळो, आणि तुझ्या बाकावर चौथी सीट मला मिळो.’

इथे चेष्टेचा अर्धा भार मी माझ्या अंगावर घेतला आहे. गुन्हेगार डोंबिवलीकर मीच. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकवलेलं अर्धं बूड, ते ज्याला माहीत आहे त्याला यातलं आर्जवही कळतं. ‘सरकून घे’ ही लोकलमधली सगळ्यात प्रेमळ विनंती आहे.

किती टोचायचं याचा अंदाज मात्र चकलीच्या मोहनासारखा हाताला यावा लागतो. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दाताला लागते. एका शुभेच्छेत एकच टोचणी असावी. दोन झाल्या की यादी होते, आणि आपल्या उण्यांची यादी वाचायला दिवाळीत कोणी बसत नाही. चौघांच्या ग्रुपवर चालतं ते सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर चालेलच असं नाही, कारण तिथे साहेब असतो आणि तिथे सासराही असू शकतो. फराळाच्या बाबतीत माझा नियम असा, की विकतच्या चिवड्यावर वाटेल ते बोलावं. मैत्रिणीचा अनारसा तुपात हसला किंवा करंजीचा खुळखुळा झाला आणि ते तिने आपणहून सांगितलं, तर तिच्याबरोबर हसावं. पण तिच्या आईने किंवा सासूने केलेल्या पदार्थावर चकार शब्द काढू नये. तो घाव तिसऱ्याच माणसावर बसतो, आणि मध्ये सापडते ती मैत्रीण.

राहिला पश्चिमेचा मित्र. याची चेष्टा वर्षानुवर्षं ठरलेली, कारण हा फडके रोडला कधी वेळेवर आलेला नाही. सातची वेळ दिली की साडेआठला पूल ओलांडून येणार, तोवर आम्ही उभं राहून राहून तीनदा चहा प्यायलेले. या वर्षी पावसाळ्यात त्याचे वडील गेले. घरात पहिलं वर्ष, दिवाळी नाही. आपल्याकडे अशा घरी फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणि नातेवाईक नेऊन देतात. आमचेही डबे ठरले होते, शेव कोणाची आणि लाडू कोणाचे ते. शुभेच्छा मात्र लिहायची नाही असं मी ठरवलं आणि नुसता फोन केला.

इकडचं तिकडचं बोलून झालं. वडिलांचं थोडं निघालं, कागदपत्रांचं बरंच निघालं. मग त्यानेच विचारलं, ‘माझं काय लिहिलंयस या वेळी?’

मी म्हटलं, ‘अरे, या वर्षी राहू दे.’

‘का राहू दे? तीन महिने घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतायत. ऑफिसात कोणी शिव्याही देत नाही. तू तरी नीट वाग.’

दुःख झालेल्या घरी शुभेच्छा पाठवत नाहीत ही रीत बरोबरच आहे, आणि मी ती मोडली नाही. दिवाळी हा शब्द लिहिला नाही, शुभ हा शब्दही नाही. आधी विचारल्याशिवाय काही पाठवू नये, हेही बरोबरच. पण त्याने मागितलं होतं, आणि मागणाऱ्याला नाही म्हणणंही रीतीत बसत नाही. रात्री डबे भरून झाल्यावर लिहिलं:

‘उद्या तू येणार नाहीस, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही फडके रोडवरून वेळेत घरी जाऊ. ही सवय आम्हाला लागता कामा नये. पुढच्या वर्षी येऊन आम्हाला नेहमीसारखा उशीर कर. दर्शन झालं की थेट तुझ्याकडे येतोय, आठला.’

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: ‘आठला कशाला? मी घरीच असलो तरी साडेनऊपर्यंत तयार होत नाही. आणि शेव कोणी केलीय ते आधी सांगा, म्हणजे कौतुकाची तयारी करून ठेवतो.’