तुटवडा, तारीख आणि अर्ज

माझी पुतणी बडोद्यात मिठाईची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात नियोजनाचे काम बघते. गेल्या वर्षी तिने दुसरीकडे सप्लाय चेन प्लॅनरच्या जागेसाठी अर्ज केला. 'मालाचा एखादा तुटवडा व त्यावर तुम्ही केलेला उपाय लिहा' असा त्यात एक प्रश्न होता. तिने लिहिले, "दिवाळीत खोकी कमी पडली, मी अंदाजाची पद्धत सुधारली, तुटवडा संपला." माझी सारी नोकरी स्टोअर्समध्ये गेली. मी तिला विचारले, "किती कमी पडली? का? आणि तुझ्यामुळेच फरक पडला हे कशावरून?"

मग खरी हकीगत निघाली. 2022 च्या दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत दुकानदारांनी 20,000 खोकी मागितली, मिळाली 14,000. म्हणजे शंभरातली सत्तरच. पण दिवाळी सरल्यावर गोदामात साडेपाच हजार खोकी पडून होती! एकूण आकडा जवळपास बरोबर होता, चुकली होती ती वेळ. एक्सेलमधला अंदाज मागच्या वर्षीच्या त्याच तारखांवरून निघत असे. 2021 मध्ये लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला होते, 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला. सण अकरा दिवस अलीकडे आला, माल मात्र जुन्या तारखेनेच.

तिने दोन गोष्टी बदलल्या. आठवडे महिन्यांप्रमाणे न मोजता लक्ष्मीपूजनापासून मागे मोजले: दिवाळीआधीचा पहिला, दुसरा, तिसरा आठवडा. आणि अंदाजाला आधार घेतला तो दुकानदारांच्या मागणीचा, पाठवलेल्या मालाचा नव्हे. नाहीतर कमी पाठवलेले 14,000 हीच पुढच्या वर्षीची गरज ठरली असती, आणि तुटवडा वहीत कायमचा मुरला असता.

2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने दिवाळी 12 नोव्हेंबरला गेली, तेव्हा नव्या पद्धतीची परीक्षाच झाली. मागणी 21,000, पुरवठा 19,950, म्हणजे 95 टक्के. शिल्लक राहिली 1,200.

"काका, शिल्लक कशाला लिहायची?" तिने विचारले. मी म्हटले, "तुटवडा कोणीही घालवेल, गोदाम भरून ठेवले की झाले. तुटवडा आणि शिल्लक दोन्ही उतरली, तरच अंदाज सुधारला म्हणायचे."

शेवटी तिने आपणहून दोन वाक्ये जोडली. छपाईची ऑर्डर लवकर देण्याचा निर्णय खरेदी विभागाचा होता, आणि हा पुरावा एकाच हंगामाचा आहे. मला ती दोन वाक्ये सगळ्यात आवडली. अर्ज वाचणाऱ्याला पुढे काय विचारायचे ते त्यांतूनच कळते, आणि उत्तर देणारीलाही घाबरायचे कारण उरत नाही.