खालीवर उतार, समेवर शब्द

निवेदनाखाली बासरी किंवा सतार ठेवणं सोपं असतं. तिचा आवाज खाली घेतला की ती मुकाट्याने मागे बसते. नामगजराचं तसं नाही. तोही माणसाच्याच गळ्यातून येतो, त्यातही शब्द असतात, आणि आपल्या कानाला एका वेळी दोघांचं बोलणं ऐकण्याची सवय नाही. निवेदक आळंदीहून निघालेल्या पालखीचं वर्णन करत असतो आणि मागे गजरप्रमुख चढ्या सुरात नाम घेत असतो. ऐकणारा नकळत त्या नामामागे जातो, कारण ते त्याच्या ओळखीचं असतं. म्हणून फेडरला हात लावण्याआधी माझी पहिली निवड ठरलेली असते: निवेदनाखाली फक्त टाळकऱ्यांनी एकत्र झेललेलं नाम, एकट्या गळ्याची ओळ नाही. पंधरा-वीस गळे एकत्र आले की शब्दांच्या कडा बोथट होतात आणि उरतो तो घोष. एकट्याची ओळ निवेदनाच्या मोकळ्या जागांसाठी राखून ठेवायची.

त्यानंतरचं भांडण टाळांशी. गजराची भरदार बाजू, म्हणजे पखवाजाचा घुमारा आणि पुरुषी गळ्यांचा खर्ज, निवेदकाच्या फारशी आड येत नाही. आड येतो टाळाचा खणखणाट, कारण आपले स, श, च साधारण त्याच उंच पट्ट्यात राहतात. टाळ नेमका ‘संत’ मधल्या ‘स’वर पडला, की ऐकणाऱ्याला ‘अंत’ ऐकू जातो. अशा ध्वनिफिती ऐकणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसं पुष्कळ, आणि वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकण्याचीच ताकद जाते. शिवाय मिक्स फोनच्या बारक्या स्पीकरवरही लावून पाहावा. पखवाज जवळजवळ गायब होतो, टाळ तेवढा उरतो, आणि हेडफोनवर गोड वाटलेला तोल किती खोटा होता ते लगेच कळतं. देवळावरच्या भोंग्याचीही गत फार वेगळी नसते.

आता प्रत्यक्ष काम. फुकट मिळणारं ऑडॅसिटी पुष्कळ मंडळांच्या संगणकावर असतं, म्हणून तेच घेऊ. वर गजराचा ट्रॅक, लगेच त्याच्या खाली निवेदनाचा. गजर निवडून `Auto Duck` लावलं, की खालच्या ट्रॅकवर जिथे बोलणं आहे तिथे वरचा ट्रॅक खाली जातो. मूळ आकडे असे असतात: 12 डेसिबल उतार, अर्ध्या सेकंदात खाली, अर्ध्या सेकंदात वर, आणि 1 सेकंदापेक्षा मोठा विराम आला की गजर पुन्हा वर. बातमीच्या किंवा जाहिरातीच्या निवेदनाला हे चालून जातं. भक्तिपर निवेदक मात्र वाक्यावाक्याला थांबतो, आणि दोन-दोन सेकंद थांबतो. परिणामी त्याच्या प्रत्येक श्वासाला गजर उसळी मारतो आणि पुढच्या शब्दाला दबतो. ही उसळी पकडायची माझी रीत अशी: निवेदन म्यूट करायचं आणि नुसता गजर ऐकायचा. दिंडी वळणाआड गेली आणि पुन्हा सामोरी आली, असं वाटलं तर ठीक. दम लागल्यासारखा गजर वरखाली होत असेल, तर मिक्स बिघडला.

उपाय तालातच आहे. भजनी ठेका 8 मात्रांचा. लय मिनिटाला 120 मात्रांची असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि पूर्ण आवर्तन 4 सेकंदांचं. मग उतरायला अर्धं आवर्तन, म्हणजे 2 सेकंद द्यायचे, चढायलाही 2, आणि `Maximum pause` 4 करायचा. आता एका आवर्तनापेक्षा लहान विरामात गजर हलत नाही, तो खालीच राहतो. निवेदकाचा थांबा शांत राहतो, आणि भक्तिपर निवेदनात तो थांबाच अर्धं काम करत असतो.

ऑडॅसिटीचा हा उतार बोलणं सुरू होण्याच्या आधीच पडतो, कारण पुढे काय आहे ते त्याला आधीच दिसत असतं. त्याचा फायदा घेता येतो. गजर ऐकता ऐकता प्रत्येक समेवर `Ctrl+M` दाबून खूण करायची. मग `Auto Duck` लावण्याआधी, गजराला हात न लावता निवेदनाचे परिच्छेद सरकवायचे, असे की परिच्छेदाचा पहिला शब्द समेवर यावा. उतार 2 सेकंदांचा असल्यामुळे तो आपोआप पाचव्या मात्रेवर, खालीवर सुरू होतो आणि समेवर संपतो. ऐकणाऱ्याला वाटतं, टाळकऱ्यांनीच आवाज आवरता घेतला. चढाचं एवढं नेमकं जमत नाही, कारण वाक्य कुठल्या मात्रेवर संपेल ते आपल्या हातात नसतं. तिथे मी एवढंच पाहतो, की एकट्या गळ्याची ओळ सुरू व्हायच्या आत गजर पूर्ण वर आलेला असावा. नसेल तर परिच्छेद एक आवर्तन अलीकडे घ्यायचा.

खाली किती घ्यायचं? समजा, निवेदन −16 LUFS वर आहे आणि मोकळा गजर −20 वर. 12 डेसिबल उतरवला की तो −32 वर जातो, म्हणजे फरक 16 चा. वेबवरच्या सुगम्यतेसाठी W3C ने जी मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत, त्यांच्या सर्वांत कडक पातळीवर पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा निदान 20 डेसिबल खाली हवा. पण सगळा गजर निवेदनापेक्षा 20 ने खाली ढकलला तर तो भिंतीपलीकडच्या रेडिओसारखा होतो, आणि मग ठेवायचाच कशाला? म्हणून मी उरलेले 4 डेसिबल फक्त 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यातून काढतो, तेही निवेदनाखालच्या तुकड्यातूनच. अक्षरांच्या जागी फरक 20 चा होतो, खर्ज मात्र 16 वरच राहतो. तुकड्याची शिवण गजर पूर्ण खाली आल्यावर घालावी, म्हणजे ती ऐकू येत नाही.

हे सगळं स्थिर लयीचं गणित आहे. खरा गजर चढत जातो. लय 160 वर गेली की आवर्तन 3 सेकंदांचं होतं आणि आवाजही वाढलेला असतो. तेव्हा गजराचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे आकडे द्यावे लागतात. अगदी टिपेला पोचलेल्या गजरावर मी निवेदन घेतच नाही. टाळकरी नाचायला लागले असताना आवाज दाबला तर कितीही हळुवार दाबा, तो कृत्रिमच वाटतो. तिथे निवेदकाने थांबावं.

रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळांना एकच विनंती. `Auto Duck` गजराच्या ट्रॅकमध्येच बदल करतं, म्हणून मूळ गजराची प्रत आधी बाजूला काढा, आणि पुढे देताना गजर व निवेदन यांच्या दोन वेगळ्या WAV फायली द्या. एकत्र करून आलेल्या एमपीथ्रीतला गजर निवेदनाखालून नीट सुटा करता येत नाही.