फॉर्म ८८७९ साठी अर्ध्या मिनिटाचा निरोप

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेत ओळखीचे लोकही फोन उचलत नाहीत. काही मीटिंगमध्ये असतात, काही गाडी चालवत असतात. बऱ्याच जणांनी आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करणारी सोय चालू करून ठेवलेली असते. ही सोय 2019 साली आली आणि तेव्हापासून, ग्राहकाने माझा नंबर नावासकट साठवला नसेल तर माझा फोन त्याच्याकडे बहुतेक वेळा वाजतसुद्धा नाही, थेट व्हॉइसमेलवर जातो. मी न्यू जर्सीत एन्रोल्ड एजंट म्हणून लोकांचे टॅक्स रिटर्न करते. एप्रिलमध्ये माझं निम्मं बोलणं त्या एका 'बीप'नंतरच होतं. म्हणून फोन फिरवण्याआधीच मी निरोप लिहून काढते. माणसाने उचलला तर कागद बाजूला राहतो, नाही उचलला तर वाचायचा.

एक नेहमीचं उदाहरण घेते. नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न तयार आहे, आकडे दोघांनी पाहिले आहेत. आता तो इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायचा तर आधी फॉर्म ८८७९ वर सही लागते. 'हा रिटर्न मी वाचला, बरोबर आहे, माझ्या वतीने पाठवा' अशी ती परवानगी असते. एकत्र रिटर्न असेल तर सही दोघांची हवी. एकाची असून चालत नाही आणि सही हातात आल्याशिवाय मी पाठवण्याचं बटण दाबू शकत नाही. नवऱ्याने बुधवारी माझ्या ऑफिसच्या पोर्टलवर सही केली, बायकोची राहिली. समजा 2025 सालातला 11 एप्रिल आहे, शुक्रवार. मुदत मंगळवारी, 15 तारखेला संपते. मी बायकोला, म्हणजे ताईंना, फोन लावते आणि व्हॉइसमेल लागतो.

कागद न घेता बोलायला गेलं की निरोप साधारण असा होतो : "नमस्कार ताई, कशा आहात, तर ते तुमच्या रिटर्नचं काय झालं, आम्ही सगळं केलंय, रिफंड बराच आला आहे यंदा, भाऊंनी त्यांचं केलंय पण तुमचं बहुतेक राहिलंय असं सिस्टिम दाखवते, म्हणजे मी पुन्हा बघते, पण तुम्हाला जमलं तर जरा बघा आणि मला फोन करा." माणसं समोरासमोर अशीच बोलतात आणि तिथे ते छान वाटतं. पण हा निरोप ऐकून ताईंनी नेमकं काय करायचं? पोर्टल उघडायचं, मला फोन करायचा की मी पुन्हा बघेन म्हणून थांबायचं? कधीपर्यंत? नंबर तर सांगितलेलाच नाही. आणि 'रिफंड बराच' हे शब्द नको त्या कानावर जाऊ शकतात.

यातली शेवटची गोष्ट माझ्या धंद्यात सगळ्यात गंभीर आहे. रिटर्न करणाऱ्याने ग्राहकाची रिटर्नसंबंधी माहिती त्याच्या संमतीशिवाय जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने बाहेर जाऊ दिली तर अमेरिकेच्या टॅक्स कायद्याच्या कलम 7216 नुसार तो गुन्हा आहे. व्हॉइसमेल कोण ऐकेल हे माझ्या हातात नाही. ऑफिसातला फोन असेल तर शेजारचा सहकारी ऐकेल, घरचा असेल तर मुलं, गाडीत ब्लूटूथवर लावला तर मागच्या सीटवरचे पाहुणे. म्हणून निरोपात रक्कम नाही, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्याचे शेवटचे चार आकडेही नाहीत, कंपनीचं नाव नाही, भारतातल्या बँक खात्याचा उल्लेख नाही. हे शेवटचं आमच्या मराठी घरांत फार निघतं. ज्यांची भारतातली खाती मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, त्यांना त्या खात्यांची वेगळी माहिती द्यावी लागते. तो विषय समोरासमोर किंवा पोर्टलवर.

पण गुप्तता पाळायला गेलं की उलटा घोळ होतो. "एक महत्त्वाचा कागद अपुरा आहे, लगेच फोन करा, नाहीतर अडचण येईल," असा निरोप ऐकून शहाणा माणूस तो पुसून टाकतो, आणि बरोबरच करतो. टॅक्स खात्याच्या नावाने धमकावणारे भामटे अगदी याच सुरात बोलतात : महत्त्वाचं आहे, लगेच, नाहीतर. तेव्हा धमकीचा सूर आणि धूसरपणा दोन्ही टाळायचे. मी 'टॅक्स ऑफिसातून बोलते' असंही कधी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला ते सरकारी खातं वाटतं आणि पोटात गोळा येतो. त्याऐवजी फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक असलेली एखादी निरुपद्रवी गोष्ट सांगते, म्हणजे आपण कुठल्या दिवशी भेटलो ते. शिवाय माझा नंबर त्यांच्याकडच्या फाईलवर आधीपासून छापलेला आहे याची आठवण करून देते. त्यांना शंका आली तर त्या निरोपातला नंबर सोडून फाईलवरच्या नंबरवर फोन करतील. हे वाक्य मी कधीच गाळत नाही.

ताईंसाठी लिहिलेला निरोप असा :

"नमस्कार ताई, मी (इथे माझं पूर्ण नाव), एडिसनहून. गेल्या शनिवारी आपण भेटलो होतो. आपण पाहिलेल्या कागदांपैकी एका फॉर्मवर तुमची सही राहिली आहे. तो पोर्टलवर ठेवला आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत सही कराल का? पोर्टल उघडलं नाही तर मला फोन करा. सेव्हन थ्री टू, फाइव्ह फाइव्ह फाइव्ह, झीरो वन फोर टू. पुन्हा सांगते, सेव्हन थ्री टू, फाइव्ह फाइव्ह फाइव्ह, झीरो वन फोर टू. हाच नंबर तुमच्या निळ्या फाईलवर आहे. धन्यवाद."

सावकाश वाचलं तरी हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतं. यात काम एकच आहे : सही. पत्ता बदलला का, मुलीच्या कॉलेजचा कागद आला का, हे माझ्या यादीत असलं तरी इथे येत नाही. दोन कामं सांगितली की सोपं तेवढं होतं आणि दुसरं विसरलं जातं, किंवा दुसऱ्याचा कागद सापडेपर्यंत पहिलंही खोळंबतं. वेळ ठरलेली आहे, 'लवकर' नाही. रविवार संध्याकाळ मी मुद्दाम निवडते. घरी निवांत बसायला मिळणारी ती मुदतीआधीची शेवटची वेळ, आणि काही अडलंच तर सोमवार हातात राहतो. खरी मुदत मंगळवारची आहे हे मी सांगत नाही. सांगितलं तर सही मंगळवारी रात्री येते. विचारलं तर अर्थातच खरं सांगते. आणि अडलं तर काय करायचं, ती वाटही त्याच निरोपात आहे, म्हणजे 'पासवर्ड आठवत नव्हता म्हणून राहिलं' असं व्हायला नको.

आकडे मी इंग्रजीत आणि सुटे सुटे सांगते. इथल्या मराठी घरांत फोन नंबर इंग्रजीतच डोक्यात बसलेले असतात. तीन, तीन, चार असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं. आपल्याला स्वतःचा नंबर पाठ असतो, त्यामुळे तो घाईने तोंडातून निघतो. नेमका तेव्हाच समोरचा पेन शोधत असतो. मी प्रत्येक आकडा कागदावर बोटाने टेकवत बोलते, वेग आपोआप बसतो.

आजकाल निरोप ऐकला जाण्याआधी वाचला जातो. 2023 पासून आयफोनवर तर तुम्ही बोलत असतानाच शब्द पडद्यावर उमटू शकतात आणि ते वाचून माणूस फोन उचलतोही. फोनची भाषा इंग्रजी असेल तर मराठी निरोपाचं तिथे जे काही उमटतं, त्याला अर्थ नसतो. म्हणून जे ग्राहक निरोप ऐकत नाहीत, नुसते वाचतात, त्यांच्यासाठी मी नाव, नंबर आणि 'सिग्नेचर बाय संडे सिक्स पीएम' एवढं इंग्रजीत आधी म्हणते, मग मराठीत बोलते. ज्येष्ठ मंडळी मात्र पूर्ण निरोप ऐकतात, तिथे सरळ मराठीच बरं. हा फरक मी ग्राहकाच्या फाईलवर लिहून ठेवते.

बीपच्या आधी जे ऐकू येतं तेही नीट ऐकावं. ताईंनी स्वतःच्या आवाजात नाव सांगितलं असेल तर वर दिलेला निरोप चालतो. यांत्रिक आवाजाने नुसता नंबर म्हणून दाखवला तर तो फोन ताईंचाच आहे की बदललेला नंबर आहे, हे कळायला मार्ग नाही. तिथे मी सहीचा उल्लेखही करत नाही. माझं नाव, नंबर, 'फाईलवरच्या नंबरवर आज फोन करा', बस्स. मेलबॉक्स भरलेला आहे असं ऐकू आलं तर पोर्टलवर संदेश टाकते आणि नवऱ्याला फोन करते. त्यांनाही सांगायचं ते एवढंच की ताईंनी मला फोन करावा. एसएमएसवर लिंक कधीच पाठवत नाही. तशी लिंक दाबू नका, असं मीच त्यांना दर जानेवारीत सांगत असते.

सोमवारी सकाळपर्यंत सही आली नाही तर दुसरा निरोप ठेवते, आणि पहिलाच पुन्हा वाचत नाही. एकदा ऐकून काम झालं नाही, म्हणजे पोर्टलमध्ये काहीतरी अडलं असणार असं मी गृहीत धरते आणि वाट बदलून देते : "ताई, मी (नाव), एडिसनहून. फॉर्म छापून ठेवला आहे. आज रात्री आठपर्यंत मी ऑफिसात आहे, येऊन सही करा. यायला जमत नसेल तर सातच्या आत फोन करा, आपण मुदत वाढवून घेऊ." मग नंबर, दोनदा. मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरला की रिटर्न 15 ऑक्टोबरपर्यंत पाठवता येतो. टॅक्सचे पैसे द्यायची तारीख मात्र 15 एप्रिलच राहते. हा फरक व्हॉइसमेलवर समजावत बसायचा नाही, त्यासाठीच तर सातच्या आत फोन मागितला आहे. दोन्ही निरोपांची तारीख, वेळ आणि शब्द मी त्यांच्या फाईलमध्ये नोंदवते. तिसरा निरोप ठेवत नाही. मंगळवारी सकाळी नवऱ्याच्या नंबरवर फोन करते आणि ताईंशी बोलायचं आहे असं सांगते.