गाडीचा हिशोब

सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरात गाडीचा विषय सारखा निघायचा. दर अमावस्येला निपाणीजवळच्या स्तवनिधीला जायचा त्यांचा जुना नेम. बेळगावहून एसटीने जायच्या त्या. आता बसची पायरीच चढवेना.

गाडी सगळं धरून 8 लाखांना पडणार होती आणि आमची तेवढीच ठेव बँकेत होती, 7 टक्क्यांची. तिची मुदतही संपत आलेली. ह्यांचं म्हणणं, ठेव काढून गाडी घेऊन टाकू, डोक्याला कर्ज नको. पण माझा पुतण्या हिशोबात हुशार. तो म्हणाला, "काकू, ठेव मोडू नका. 9 टक्क्यांनी 5 वर्षांचं कर्ज काढा. हप्ता सुमारे 16,600 रुपये, एकूण व्याज 1 लाख 96 हजार. तुमच्या 8 लाखांवर तेवढ्याच काळात व्याज मिळेल 3 लाख 31 हजार. म्हणजे सव्वा लाखाच्या वर फायदाच की!"

कागदावर बघितलं तर आकडे बरोबर होते. तरी मन मानेना. 9 टक्क्यांनी घ्यायचं, 7 टक्क्यांनी ठेवायचं आणि वर फायदा? असं झालं असतं तर प्रत्येकानं कर्ज काढून ठेवीच केल्या असत्या.

रात्री स्वयंपाकघर आवरून वही घेऊन बसले, तेव्हा चूक सापडली. कर्ज महिन्या महिन्याला फिटत जातं, म्हणून व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं आणि एकूण व्याज कमी दिसतं. ठेव मात्र 5 वर्षं अख्खी राहते, वाढते. पण तो 16,600 चा हप्ता ठेवीतून जात नाही, आमच्या पगारातून जातो. पुतण्यानं तो धरलाच नव्हता! ठेव मोडून गाडी घेतली, तर तोच हप्ता आम्ही दरमहा आवर्ती ठेवीत टाकू शकतो. त्याच 7 टक्क्यांनी 5 वर्षांत त्याचे सुमारे 11 लाख 90 हजार होतात. आणि न मोडलेल्या ठेवीचे? 11 लाख 31 हजार. म्हणजे कर्ज काढलं तर आम्ही जवळजवळ 60 हजारांनी मागे. शिवाय ठेवीच्या व्याजावर कर भरावा लागतो, आणि घरच्या गाडीच्या कर्जाच्या व्याजावर नोकरदाराला सवलत काही मिळत नाही.

पुतण्या म्हणाला, "मग म्युच्युअल फंडात टाका, 12 टक्के सुटतात." सुटतातही. कर वजा जाऊन 9 टक्क्यांच्या वर सुटले तर कर्ज काढणारा जिंकेल. पण ते सुटतीलच असं कोणी लिहून देत नाही, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला जाणारच. ह्यांच्या निवृत्तीला 4 वर्षं उरलेली, कर्ज 5 वर्षांचं. शेवटच्या वर्षाचा हप्ता पेन्शनीतून देताना बाजार पडलेला असला तर?

मग ठेव मोडायची? तर तेही मन घेईना. सगळे 8 लाख गाडीत घातले आणि उद्या दवाखाना निघाला, तर? तेव्हाचं कर्ज गाडीच्या कर्जापेक्षा महाग पडतं.

तिसरा मार्ग थांबण्याचा. महिन्यातून दोनदा भाड्याची गाडी, खेपेला 3,000 धरले तरी 6,000 झाले. हप्त्याच्या निम्मेही नाहीत, आणि विमा, सर्व्हिसिंग काही नाही. हिशोबात हाच मार्ग सगळ्यात स्वस्त. तोच धरला. दरमहा 10 हजार बाजूला टाकायला लागलो.

तीन अमावास्या नीट गेल्या. चौथ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरातच णमोकार म्हणते की. कशाला तीन हजार?" पुढच्या वेळी त्यांनी विषयच काढला नाही. मीटर चालू असलेल्या गाडीत बसून त्यांचं लक्ष दर्शनात राहत नव्हतं. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांनीच जाणं सोडलं. माझ्या वहीत हा खर्च कुठंच मांडलेला नव्हता.

शेवटी 5 लाख ठेवीतले दिले, 3 लाख दवाखान्यासाठी तसेच ठेवले आणि 3 लाखांचं कर्ज 3 वर्षांसाठी काढलं. हप्ता साडेनऊ हजार, व्याज एकूण 43 हजार. निवृत्तीच्या आत फिटतं. शोरूमवाला 7 वर्षांचं कर्ज घ्या म्हणत होता, हप्ता कमी बसेल म्हणून. हप्ता कमी बसतो खरा, पण व्याज दुपटीच्या वर जातं.

ते 43 हजार वाचले असते का? आणखी दीड-दोन वर्षं थांबलो असतो तर बरेचसे वाचले असते. पण सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. परवाच्या अमावास्येला सकाळी सहालाच लुगडं नेसून दारात उभ्या होत्या.

"चला की," म्हणाल्या, "गाडी काय उभी करून ठेवायला घेतलीय?"