नंबर गेला, तेव्हा कोणकोणती दारे उघडी राहिली

भाईजान कुवेतला नोकरीला आहेत. बकरी ईद रत्नागिरीत करून ते परत गेले, फोनमध्ये तिकडचे सिम घातले आणि इथले प्रीपेड सिम काढून ठेवले. व्हॉट्सॲप मात्र इथल्याच नंबरवर चालू राहिले. पुढचा रमजान लागला आणि एके संध्याकाळी घरच्या ग्रुपवर भाईजानच्या नंबरासमोर अनोळखी मुलाचा फोटो दिसला. तिकडे त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप बंद पडले होते. अम्मी घाबरल्या. आम्हा सगळ्यांना वाटले, अकाउंट हॅक झाले.

त्या नंबरवर फोन लावला, तर एका कॉलेजच्या मुलाने उचलला. तो म्हणाला, ‘‘काका, मी हे सिम परवाच दुकानातून घेतलंय. तुमच्या बँकेचे मेसेज मलाच येतायत.’’

चोरी झालीच नव्हती. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही, तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर पुढचे किमान 90 दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर तो कोणालाही मिळू शकतो. नंबर सोडताना आपली माहिती काढून घेणे ही जुन्या ग्राहकाचीच जबाबदारी आहे, असे न्यायालयाने 2023 साली म्हटले. आमच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तरावीहनंतर भाईजानना फोनवर घेऊन आम्ही वहीत तीन रकाने आखले आणि त्यांचे प्रत्येक ॲप कशाने उघडते ते लिहीत गेलो.

पहिला रकाना ओटीपीचा. यात पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही, पण ॲप माणसाला ओळखत नाही, सिमला ओळखते. खरेदीच्या ॲपमध्ये आमच्या घराचा पत्ता आणि भाईजानचे कार्ड नोंदलेले होते, आणि तो मुलगा ते सहज उघडू शकला असता. नंबर बदलायला गेलो, तर ॲपने जुन्याच नंबरवर कोड पाठवला. मुलगा कोड सांगायला तयार होता. पण कोड कोणाला विचारायचा नाही आणि कोणाला सांगायचा नाही, हे आम्हीच अम्मींना शिकवतो. भाईजानच्या फोनवर ते ॲप अजून उघडे होते, म्हणून आतून कार्ड आणि पत्ता पुसला आणि नव्या नंबरावर दुसरे खाते काढले.

दुसरा रकाना ‘गूगलने साइन इन’ करण्याचा. तीन ॲप अशी होती. नंबर गेला तरी ती सुरक्षित होती, कारण त्यांची किल्ली गूगल खात्यात होती. पण खात्याच्या सुरक्षेच्या पानावर रिकव्हरी फोन म्हणून तोच जुना नंबर! ‘पासवर्ड विसरलो’ म्हटले की कोड त्या मुलाच्या फोनवर जाऊ शकला असता, आणि खाते गेले की तिन्ही ॲप एकदम गेली असती. म्हणून सर्वांत आधी तो नंबर काढून कुवेतचा घातला. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून बॅकअप कोड घेतले. गूगल असे दहा कोड देते, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून कपाटात ठेवले. सिम नसले तरी त्या कोडने आत जाता येते.

तिसरा रकाना ईमेल आणि पासवर्डचा. याला नंबरची गरज नाही, ही जमेची बाजू. पण भाईजानने एकच पासवर्ड चार ठिकाणी आणि ईमेललाही लावला होता. एका छोट्या साइटवरून तो फुटला, तर बाकीची दारेही उघडली असती. ईमेलचा पासवर्ड लांब आणि वेगळा केला. इतर साइटींचे पासवर्ड वेगवेगळे करून फोनमध्येच जतन केले. त्याचा एक फायदा असा की खोट्या साइटवर फोन जतन केलेला पासवर्ड आपणहून भरत नाही, आणि तिथेच माणूस सावध होतो.

त्याच रात्री बँकेला फोन करून जुन्या नंबरवरचे व्यवहार थांबवले. नंबर बदलण्याचा अर्ज भाईजानने सुट्टीवर आल्यावर शाखेत दिला. व्हॉट्सॲप नव्या नंबरावर सुरू केले आणि सहा आकडी पिन लावला. हा पिन आधीच असता, तर त्या मुलाला आमच्या ग्रुपमध्ये लगेच शिरता आले नसते. पण पिन न देता सात दिवसांनी तो नंबर पुन्हा नोंदवता येतो, म्हणजे पिनने आठवडाभराचीच सवड मिळाली असती.

आता घरातून कोणी परदेशी निघाले की बॅग भरण्याआधी वही निघते. इथला नंबर ठेवायचा असेल, तर त्याचे रिचार्ज कोण करणार त्याचे नाव लिहितो. ठेवायचा नसेल, तर सिम चालू असतानाच आधी ईमेल, मग बँक, मग बाकीची ॲप नव्या नंबरावर नेतो. सिम काढायचे ते शेवटी.