खुपऱ्यांचे व्रण

‘खुपऱ्या’ हा शब्द आता घराघरांतून नाहीसा होत चालला आहे. भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीरही केले. पण जुन्या खुपऱ्यांचे व्रण असलेली वृद्ध माणसे आजही दवाखान्यात येतात.

राजस्थानातील एका कोरड्या गावात बालपण गेलेल्या आजी मला आठवतात. “डॉक्टर, डोळ्यात कायम वाळू गेल्यासारखं होतं,” ही त्यांची तक्रार. वरची पापणी उलटवली, तर आतल्या गुलाबी अस्तरावर पांढरट रेषांचे जाळे दिसले. पापणीची कड आत वळली होती आणि चार केस बुबुळावर घासत होते. नातसून ते चिमट्याने उपटून देई. पण उपटलेला केस काही आठवड्यांत पुन्हा येतो आणि आखूड, ताठ असताना अधिकच टोचतो.

हे व्रण एका संसर्गाने होत नाहीत. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूचा एखादा संसर्ग बहुधा खूण न ठेवता बरा होतो. बालपणी तो वारंवार होत राहिला, की सुजलेल्या अस्तरात व्रण साठतात आणि पुढे अनेक वर्षे आकसत पापणीला आत ओढतात. दृष्टी जाते ती केसांच्या घर्षणाने बुबुळ गढूळ झाल्यावर. तोवर जंतू बहुतेकदा निघून गेलेला असतो. म्हणून आजींना प्रतिजैविक न देता पापणीची कड बाहेर वळवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. टोचणे थांबले. बुबुळावरचा धूसर डाग मात्र राहिला, आणि केस पुन्हा आत वळू शकतात म्हणून तपासणीही चालूच राहिली.

अशा आंधळेपणात स्त्रिया अधिक का, याचे उत्तर मला पदरात दिसते. ज्या पदराने मुलाचे नाक-डोळे पुसायचे, त्यानेच आपलेही.

म्हणूनच जिथे हा रोग पसरलेला आहे, उदाहरणार्थ इथिओपियात, तिथे एकट्या मुलाला औषध देऊन भागत नाही. ते बरे होते आणि भावंडांकडून पुन्हा संसर्ग घेते. त्यामुळे अ‍ॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा गावातील लहानथोर सर्वांना देतात आणि ती वर्षावर्षाने, गरजेनुसार पुन्हा देतात. सहा महिन्यांखालील बाळांना टेट्रासायक्लिनचे मलम लावतात. पण औषधाने गाव तात्पुरते स्वच्छ होते. उघड्यावरच्या विष्ठेत वाढणाऱ्या माश्या मुलांच्या डोळ्यांतील चिपडावर बसत राहिल्या, तर जंतू परततो. तेव्हा शौचालये हवीत आणि मुलांची तोंडे धुतलेली हवीत. त्यासाठी साबण किंवा घागरभर पाणी लागत नाही. डोळ्यांतली चिपडे आणि नाकाखालचा शेंबूड निघेल, एवढे तांब्याभर पाणी पुरते. मात्र तोंड पुसायचे ते दुसऱ्या कोणाच्या पंचाने नव्हे.